कोशाची साडी अठ्ठावीस सेकंदांत दाखवताना

दादा, आम्ही नागभीड तालुक्यातले. बाबा आणि काका हातमागावर करवती काठाच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. दिवाळीपासून मी त्या ऑनलाइन दुकानात लावते आहे. फोटो चांगले येतात, तरी पाचातल्या दोन साड्या "रंग वेगळा निघाला", "विणीत दोष आहे" म्हणून परत येतात. आता छोटा व्हिडिओ लावा असं सांगितलंय. माझ्याकडे फक्त फोन आहे. उजेड कसा घ्यायचा, कुठून शूट करायचं, किती सेकंदांचा ठेवायचा, आणि घेणाऱ्या बाया त्यात नेमकं काय बघतात?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेली बाई साडी कशी बघते ते आठवा. आधी ती पदर उलगडायला लावते. मग साडी उचलून दुकानाच्या दारात नेते, कारण आतल्या ट्यूबलाइटवर तिचा भरवसा नसतो. मग काठ दोन बोटांत धरून चोळते, उलटा करून मागची बाजू बघते, कापडाचा एकच थर हातावर ताणून हात आरपार दिसतो का ते बघते. शेवटी खांद्यावर टाकून आरशापुढे उभी राहते. ऑनलाइन घेणारीला यातलं काहीच करता येत नाही. तुमचा व्हिडिओ तिच्या वतीने हे सगळं करतो. साडी परत येण्याची जी दोन कारणं तुम्ही लिहिलीत, रंग आणि विणीतला दोष, त्यांची उत्तरं दारातला उजेड आणि बोटांतलं चोळणं यांत आहेत. म्हणून मी त्या दोन गोष्टींवरच जास्त बोलणार आहे.

आधी रंग. कोशाचा नैसर्गिक रंग मधासारखा, कधी गव्हासारखा, कधी जरा तांबूस असतो, आणि फोनच्या कॅमेऱ्याला नेमका हाच रंग जड जातो. फोन आपोआप रंग जुळवताना समोरच्या चित्रात सरासरी कुठला रंग जास्त आहे ते बघतो आणि तो "दुरुस्त" करायला जातो. चित्रभर सोनेरी कापड असेल तर उजेडच पिवळा आहे असं त्याला वाटतं. मग तो निळेपणा मिसळतो आणि मधाचा रंग राखेसारखा होतो. उजेडाच्या बाबतीतही तेच घडतं. चित्रभर फिकट कापड असेल तर फोन ते काळवंडून टाकतो, गर्द मरून असेल तर उजळून विटका करतो. यात बाईची चूक नाही, तुमचीही नाही. तिने पडद्यावर एक रंग पाहिला आणि घरी दुसराच रंग आला, इतकंच.

त्यात आपल्याकडच्या घरांची भर पडते. भंडाऱ्याकडच्या एका बचत गटाच्या साड्या मी पहिल्यांदा शूट केल्या तेव्हा एप्रिल होता, आणि उन्हासाठी अंगणावर हिरवी जाळी ताणलेली होती. सावली छान, मऊ उजेड, मला वाटलं यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. मधाच्या रंगाच्या त्या साड्या व्हिडिओत मेहंदीकडे झुकलेल्या दिसत होत्या, आणि जाळीखाली उभं राहून फोनच्या पडद्यावर बघताना मला ते कळलंच नाही, कारण माझे डोळेही त्या हिरव्या उजेडाला सरावले होते. तीन साड्या परत आल्यावर कळलं. तेव्हापासून जागा निवडताना मी पहिल्यांदा वर बघतो आणि मग बाजूला. वर हिरवी जाळी, निळी ताडपत्री किंवा रंगीत प्लास्टिकचा पत्रा नको. बाजूला दोन-तीन हातांवर निळी किंवा पोपटी भिंत नको. आपल्याकडे घरं निळ्या-हिरव्या रंगाची पुष्कळ, आणि ती भिंत आपला रंग साडीवर टाकते. दुसरी जागा नसेल तर भिंतीवर जुनं पांढरं धोतर किंवा चादर टांगा.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओसरी, किंवा उत्तरेकडे उघडणारं दार. थेट ऊन सहसा आत येत नाही, पण आभाळाचा उजेड भरपूर येतो. वेळ सकाळी आठ ते साडेदहा. उन्हाळ्यात त्यानंतर अंगणातल्या फरशीवरून उन्हाची तिरीप वर उसळते आणि साडीच्या खालच्या भागावर पिवळट डाग पडतो. शिवाय फोन तापला की पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो, आणि मग पडद्यावर काही नीट पारखता येत नाही. पावसाळी ढगाळ दिवस उत्तम, फक्त ढग सरकत असतील तर एका शॉटमध्येच उजेड बदलतो. तेव्हा थांबा आणि तो शॉट परत घ्या.

घरातले सगळे बल्ब आणि ट्यूब बंद करा. दाराचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळसर असतो. दोन्ही एकदम साडीवर पडले तर एका बाजूचा रंग बरोबर येतो आणि दुसऱ्या बाजूचा बिघडतो, आणि पुढे कुठल्याच ॲपमध्ये ते दुरुस्त होत नाही. कधी अगदी नाइलाजाने दिव्यात शूट करावं लागलं आणि चित्रात आडवे काळे पट्टे सरकताना दिसले, तर ते दिव्याचं लुकलुकणं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की पट्टे जातात.

आता फोनला रंग ओळखायला मदत करायची. शूट करायच्या जागी साडीवर एक कोरा पांढरा कागद धरा. फोनमध्ये व्हिडिओसाठी प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सचा आकडा हळूहळू सरकवत तो कागद पडद्यावर खरोखर पांढरा, म्हणजे ना निळसर ना पिवळट, दिसेपर्यंत आणा आणि तिथेच सोडा. सावलीतल्या उजेडात हा आकडा बहुतेक वेळा 6000 च्या वर जातो. प्रो मोड नसेल तर Open Camera नावाचं मोफत ॲप आहे. त्यात व्हाइट बॅलन्स लॉक करता येतो. तेही जमलं नाही तर साधा उपाय असा की प्रत्येक शॉटमध्ये चुन्याची भिंत किंवा पांढरी चादर थोडी तरी दिसू द्या, म्हणजे फोनला पांढऱ्याचा अंदाज राहतो. नुसत्या कापडाने चित्र भरलं की तो पुन्हा फसतो. ब्यूटी, फिल्टर, "व्हिव्हिड" असलं काही चालू असेल तर बंद करा. पडद्यावर कापडाच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात. तसं करा आणि मग उजेडाची पट्टी हलवून साडी हातात दिसते तितकीच उजळ ठेवा. चमकणाऱ्या घडीवर पांढरा फट्ट डाग दिसू लागला की पट्टी जरा खाली आणा.

रंगाचं झालं. आता विणीतला "दोष".

तुमच्या बाबांना हे सांगायला नको, पण शहरातल्या घेणारीला माहीत नसतं की कोशाचा धागा एकसारखा जाड नसतो. मध्येच जाड, मध्येच बारीक, कुठे छोटी गाठ. गिरणीच्या कापडाची सवय असलेल्या डोळ्यांना तो दोष वाटतो. पुष्कळ विक्रेते ते लपवतात. समोरून सपाट उजेड घेतला की गाठी दिसतच नाहीत आणि कापड फोटोत गुळगुळीत येतं. तुमचे फोटो "चांगले" आहेत असं तुम्ही म्हणता, तिथेच मला शंका आहे. ते फोटो बघून बाईने गुळगुळीत रेशीम मागवलं आणि हाती कोसा आला.

म्हणून एक शॉट मुद्दाम खरखरीतपणा दाखवणारा हवा. दाराजवळ पलंगावर किंवा पाटावर साडीचा एक हातभर भाग पसरा, असा की उजेड कापडावर आडवा, जवळजवळ घासून जाईल. आडव्या उजेडात प्रत्येक जाड धाग्याला बारीकशी सावली पडते आणि पोत उठून दिसतो. उजेडाच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा एक तुकडा उभा करा, म्हणजे सावल्या अगदी काळ्या होणार नाहीत. फोन वीतभर अंतरावर धरा. झूम करू नका, फोनच जवळ न्या. बहुतेक फोनांचा मुख्य कॅमेरा वीतभरावरून नीट फोकस करतो, त्याहून जवळ नेला की धूसर होतो. मग कापडावरून हळू बोट फिरवा आणि खाली लिहा: "कोशाचा नैसर्गिक धागा, कुठे जाड कुठे बारीक. हा दोष नाही." हे चार सेकंद तुमच्या परत येणाऱ्या साड्या सगळ्यात जास्त कमी करतील असं मला अनुभवावरून वाटतं. ज्यांना गुळगुळीतच हवं आहे त्या घेणार नाहीत. साडी परत येण्यापेक्षा ते बरं.

या शॉटमध्ये कधी कधी कापडावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी हलताना दिसते. ती साडीत नसते. बारीक वीण आणि कॅमेऱ्यातले बारीक चौकोन एकमेकांत अडकले की तशी दिसते. फोन दोन बोटं मागे-पुढे केला किंवा जरासा तिरका केला की जाते. शूट संपल्यावर हे नक्की तपासा, कारण घेणारीला वाटतं की कापड डागाळलेलं आहे.

त्याच जागेवरून काठ घ्या. करवती साडीचं सगळं नाव त्या करवतीच्या दातांवर आहे, आणि ती कशी विणली जाते हेच तुमचं सगळ्यात मोठं प्रमाण आहे. तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत पुढे न्यावा लागतो. म्हणून काठाचा रंग अंगात मिसळत नाही. काठ आणि अंग जिथे अडकतात ती रेघ वीतभरावरून दाखवा. दोन सेकंद थांबा, मग न कापता त्याच शॉटमध्ये काठ उलटवा आणि मागची बाजूही दोन सेकंद दाखवा. छापलेल्या काठाची मागची बाजू फिकी पडते, विणलेल्या काठाची नाही. जाणकार घेणारी हेच शोधत असते. मध्ये कट मारलात तर पुढची बाजू एका साडीची आणि मागची दुसरीची अशी शंका येऊ शकते. तुमच्या साडीचा काठ सुताचा आणि अंग कोशाचं असेल तर तेही तिथेच स्पष्ट लिहा. नुसतं "शुद्ध रेशीम" लिहिलं आणि काठ सुताचा निघाला तर ती फसवणूकच ठरते, आणि घेणारी तसंच लिहील. सिल्क मार्कचं लेबल असेल तर ते फोकसमध्ये दोन सेकंद दाखवा, नसेल तर त्याचा उल्लेखही नको.

पातळपणाचा प्रश्न बाया विचारायला लाजतात, पण तो प्रत्येकीच्या मनात असतो. कापडाचा एकच थर हातावर घ्या, खाली तळहात पसरा आणि दाराकडे तोंड करून धरा. हात किती दिसतो तो दिसू द्या. तीन सेकंद पुरे.

आता नेसलेली साडी. घरातलीच कोणी, बहीण किंवा वहिनी, नेसून उभी राहिली तरी चालतं. चेहरा दाखवायचा नसेल तर खांद्यापासून खाली घ्या, घेणाऱ्या बायांना त्याने काही फरक पडत नाही. तिला दारासमोर अशी उभी करा की उजेड समोरून न येता एका बाजूने येईल, नाहीतर निऱ्या सपाट दिसतात. तुम्ही सात-आठ फुटांवर थांबा आणि फोन तिच्या कमरेच्या उंचीवर धरा. उभ्याने डोळ्याच्या उंचीवरून घेतलं की पाय आखूड आणि खालचा काठ चेपलेला दिसतो. जागा कमी आहे म्हणून फोनची रुंद लेन्स वापरू नका, तिने काठाच्या रेघा वाकड्या होतात. फोन स्टुलावर विटेला टेकवून ठेवला तरी चालेल, पण हलता कामा नये. हलायचं काम तिचं. तिने दोन पावलं चालावं, अर्धं वळावं आणि थांबावं. कोशाची खरी चमक हलतानाच दिसते. घडी वळते तेव्हा एक बाजू उजळते आणि दुसरी गडद होते. स्थिर फोटोला हे जमत नाही, आणि व्हिडिओ लावायचं खरं कारण हेच आहे.

स्लो मोशन मात्र नको. सगळ्यांना ते आवडतं, मला समजतं, पण त्यात ताठ कापडही मऊ वाहतं असं दिसतं. कोसा जरा ताठ असतो, नेसल्यावर फुगतो, आणि धुतल्या-वापरल्यावर मऊ होत जातो. घेणारीला तो ताठपणा आहे तसाच दिसायला हवा.

लांबीचं थोडक्यात. मी अशा साडीसाठी पंचवीस ते तीस सेकंद ठेवतो. त्यापुढे बघणारे पुढे सरकवतात, आणि पंधरात पोत, काठ, पातळपणा हे सगळं मावत नाही. तुमच्या दुकानाची मर्यादा मात्र अपलोडच्या पानावर बघून घ्या, प्रत्येकाची वेगळी असते आणि बदलतेही. मर्यादा पंधरा सेकंदांचीच असेल तर नेसलेली साडी, काठ उलटवणं आणि पोत हे तीन शॉट ठेवा, बाकी सोडा.

अठ्ठावीस सेकंदांचा क्रम मी असा लावेन. पहिले तीन सेकंद निऱ्या आणि खालचा काठ, चालताना, जवळून. कारण यादीत बोट सरकवणारी बाई तिथेच थांबते किंवा निघून जाते. मग सहा सेकंद पूर्ण साडी, वळताना. मग पाच सेकंद पदर, दोघींनी दोन टोकांना धरून पूर्ण पसरलेला, आणि खाली लांबी व ब्लाउजपीस जोडलेला आहे की नाही ते लिहिलेलं. मग पाच सेकंद काठ, पुढून आणि उलटून. मग चार सेकंद पोत, आणि तीन सेकंद तळहात. शेवटचे दोन सेकंद बाबांचा माग, धोटा फेकणारा हात. पुष्कळ जण मागापासून सुरुवात करतात, कारण आपल्याला त्याचा अभिमान असतो. पण साडी न पाहता कोणी मागाकडे बघत नाही. साडी आवडली की मग तो हात तिला बघावासा वाटतो.

बहुतेकांच्या फोनवर व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच चालतो, म्हणून जे सांगायचं ते अक्षरांत सांगा, मोठ्या ठशात, एका वेळी एकच ओळ. सिनेमाचं गाणं लावू नका, हक्काच्या कारणाने व्हिडिओ काढला जाऊ शकतो. शेवटी मागाची खटखट आहे तशी राहू द्या. फोन उभा धरूनच शूट करा आणि महत्त्वाचं सगळं मधोमध ठेवा, कारण काही ठिकाणी यादीत वरचा-खालचा भाग कापून चौकोनच दाखवतात.

फाइल एकमेकांना पाठवताना एक चूक हमखास होते. शूट तुमच्या फोनवर होतं, कापाकापी भावाच्या फोनवर, आणि मधून ती व्हॉट्सॲपने जाते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि पहिल्यांदा जातो तो कोशाचा पोत. जाड-बारीक धागे मिटून कापड मेण लावल्यासारखं दिसतं. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

लावण्याआधी व्हिडिओ दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनांवर उघडा, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवा, आणि तीच साडी हातात घेऊन दारात उभ्या राहा. दोन्ही फोन एकसारखे दिसणार नाहीत. पण हातातली साडी त्या दोघांच्या मधली असेल तर रंग बरोबर उतरला असं समजा. दोन्हींपेक्षा वेगळी दिसली तर पुन्हा शूट करा. आणि नव्या कोशांचा धागा आला की रंग थोडा बदलतोच, तेव्हा मागच्या खेपेचा व्हिडिओ नव्या साड्यांना चालवू नका. सकाळी उजेडात बसलात तर एका साडीला अर्धा-पाऊण तास लागतो. आधी परत आलेल्या साड्यांपासूनच सुरुवात करा. त्यांच्याबद्दल लोकांनी काय लिहिलं ते तुमच्याजवळ आहे, तेव्हा व्हिडिओत ती गोष्ट दिसते आहे की नाही हे लगेच पडताळता येईल.